चार तळी

मराठीचा मास्तर म्हणून मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या. तांबडी शाई किती संपवली, त्याची गणती नाही. माझ्या एका चुकीबद्दल मात्र मी आजवर कुणाजवळ अवाक्षर काढले नाही.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचे राज्य गेले, त्यानंतरची गोष्ट. औरंगाबादच्या सरकारी कचेऱ्यांतून उर्दू हळूहळू मागे सरली आणि मराठी आली. फलक बदलायला एक दिवस लागला, माणसांना वर्षे लागली. सारी नोकरी उर्दूत केलेल्या कारकुनांना खात्याची मराठीची परीक्षा पास होणे सक्तीचे झाले. कुणी दुसऱ्यांदाही नापास झाला, तर त्याला मुदतीआधीच घरी बसवत. या मंडळींसाठी एका शाळेत रविवारी सकाळी वर्ग चाले, आणि तो माझ्याकडे होता. मी सव्वीस वर्षांचा. पोरांच्या बाकांवर गुडघे आखडून बसलेले बहुतेक जण माझ्या वडिलांच्या वयाचे.

त्यांतले एक जमिनीच्या नोंदींच्या कचेरीतले होते. सगळे त्यांना चाचा म्हणत, म्हणून मीही. मुकुंदवाडीहून सायकलीवर यायचे, शेरवानीची बटणे गळ्यापर्यंत लावून. एकदा नापास झालेले होते. मला ते थट्टेने उस्ताद म्हणत, पण मी वर्गात शिरलो की उठून उभे राहत, त्यात थट्टा नसे.

चाचांचे घोडे अडायचे ते नपुंसकलिंगी अनेकवचनापाशी. उर्दूत एक घर तसेच पाच घर. शब्द काही जागचा हलत नाही. म्हणून ते बिनधास्त लिहायचे, 'पाच घर पडले.'

"पाच म्हटलं की पाचच झाले ना, उस्ताद," ते म्हणायचे. "मंग घराला आनखी शेपूट कशाला?"

'घरे पडली' असे लिहून दाखवले, की त्यांचे दुसरे सुरू.

"एक घर पडलं तर ना मर्द ना औरत. अन् दहा पडली की लगेच औरत? ये तो लई गजब हाय!"

वर्ग हसायचा, मीही हसायचो. मग मी त्यांना एक युक्ती दिली. वाक्यात आधी पाच, सगळी, बरीच असा शब्द शोधा. मग शेवटचे क्रियापद बघा. दोन्हीकडे अनेकवचन आणि मधले नाम एकटेच एकवचनात राहिलेले दिसले, की तोच चोर. घरचे घरे करा, पुस्तकचे पुस्तके, देऊळचे देवळे, वासरूचे वासरे. आणि ज्याच्या अंगावर मुळातच मात्रा आहे, त्याला वेलांटी द्या: मडके, मडकी, केळे, केळी, तळे, तळी. चाचांनी हे सगळे एका वहीत उतरवले. शब्द मराठीत आणि बाजूला बारीक उर्दूत खुलासा. ही वही ते घरी नेऊन पाचवीतल्या मुलीला दाखवत. ती मराठी शाळेत जात होती, आणि तिच्याआधी आपण शिकून घ्यायचे, असा त्यांचा हट्ट होता.

त्या वर्षी परीक्षेचा पेपर काढायचे आणि तपासायचे काम मला मिळाले. मी तरंगतच होतो. परीक्षेवरचे साहेब पुण्याकडून आलेले. माझ्या तोंडून 'लई' किंवा 'व्हय' निसटले, की ते शेजारच्याकडे बघून मिशीत हसत. म्हटले, दाखवतोच यांना, मराठवाड्याची मराठी कशी असते ती. पेपर देताना मी छातीठोक सांगितले, "साहेब, यात कान्यामात्रेची चूक सापडायची नाही."

एका प्रश्नात उतारा होता. अनेकवचनी वाक्यांत पाच ठिकाणी एकवचन मुद्दाम ठेवले होते. ते ओळखून दुरुस्त करायचे. चितेगावच्या रस्त्यावरचे एक दुष्काळी गाव मी रंगवले होते. 'झाडांची पान गळली, पडकी घर ओस पडली,' अशी वाक्ये. दर दुरुस्तीला दोन गुण.

उत्तरपत्रिकांवर नाव नसे, पण चाचांचे अक्षर मला अंधारातही ओळखू आले असते. त्यांनी पाच दुरुस्त्या केल्या होत्या. चार माझ्या यादीतल्या. 'पान' मात्र तसेच राहिले होते, आणि पाचवी त्यांनी भलतीकडेच केली होती. तिच्यावर मी फुली मारली. बेरीज आली एकोणचाळीस. पासाला चाळीस लागत.

एका गुणासाठी कुणाला बुडवायचे मला आवडत नसे. कुठे काही देता येते का, ते बघायला पाने मागे उलटली, तर ती फुली समोर आली. उताऱ्यात मी लिहिले होते, 'गावची चारही तळे आटली.' चाचांनी खाली केले होते, 'तळी'.

मी ते वाक्य तीनदा वाचले. पाच चोर मी लपवले होते. हा सहावा माझा स्वतःचा होता, आणि माझ्या लक्षातही आला नव्हता. साहेबांच्या लक्षात आला नाही, बाकीच्या कुणा उमेदवाराच्याही नाही. आम्हा जन्माच्या मराठी माणसांचा कान त्यावरून घसरून गेला. नियम धरून एकेक पाऊल टाकणाऱ्या चाचांनी तो पकडला होता.

फुली खोडून दोन गुण द्यायचे, एवढेच काम. पण मग यादीबाहेर गुण का दिले, ते साहेबांना सांगावे लागणार. मिशीतले हसू मला आधीच दिसू लागले. मी उत्तरपत्रिका मिटली आणि गठ्ठ्यात सारली. वाईट वाटले नाही असे नाही. वाईट वाटून घेतले आणि सही केली. इतका भित्रा मी त्याआधी कधी नव्हतो.

निकाल लागला. चाचांना घरी बसवण्याचा हुकूम निघाला. पुढच्याच रविवारी ते शाळेत आले, वर्ग सुटल्यावर, मी एकटा असताना. मला वाटले, रदबदलीला आले असतील. तसे झाले असते तर बरे होते.

"नोकरी गेली, वो जाने दो," ते म्हणाले. "पेपरात काय चुकलं, तेवढं सांगा. पोरगीला चुकीचं शिकवायला नको."

मी 'पान' सांगितले. त्यांनी कपाळावर हात मारला. मग वही उघडून माझ्यापुढे धरली.

"म्हंजे माझ्या पाचातली एक गलत ठरली. हे तळी तर नाही ना? आपणच सांगितलं होतं, मडकी, केळी, तळी. मला पक्कं याद हाय."

तेव्हाही वेळ गेली नव्हती. हुकूम फिरवता आला असता. साहेबांकडे दोघांनी मिळून जाता आले असते.

"तळ्याचं जरा वेगळं आहे, चाचा," मी म्हणालो. "ते दोन्हीकडे तळेच राहतं."

ते माझ्याकडे क्षणभर बघत राहिले. शंका म्हणून नव्हे; लक्षात ठेवत होते.

"व्हय का? मंग माझीच गलती," ते म्हणाले आणि वही माझ्याकडे सरकवली. "आपल्या हातानं दुरुस्त करून द्या, उस्ताद. तुमचं अक्षर असलं की पोरगी मानंल."

तांबड्या शाईची दौत समोरच होती. मी 'तळी' हा शब्द खोडला आणि वर नीट वळणदार अक्षरात 'तळे' लिहिले. चाचांनी शाई वाळेपर्यंत वही उघडी धरली, मग मिटून शेरवानीच्या खिशात ठेवली, आणि माझे आभार मानून गेले.