चिमटाताईंचा अंगठा

आमच्या वॉर्डातल्या आहारतज्ज्ञ बाईंना सगळे चिमटाताई म्हणतात. हे नाव मी ठेवलंय आणि मला त्याचा जराही पश्चात्ताप नाही. मी या वॉर्डाची सिस्टर. याआधीचे आहारवाले दारातूनच "जेवले का?" विचारायचे आणि पुढच्या खाटेकडे सरकायचे. ही बाई आली ती थेट पेशंटच्या दंडाला हात घालत आली.

तिची तपासणी म्हणजे वीस मिनिटांचं काम. दंडाच्या मागची कातडी स्नायूपासून सोडवून दोन बोटांत धरायची आणि आत चरबी किती उरलीय ते बघायचं. मग डोळ्यांखालची खोलगट जागा, कानशिलं, गळ्याखालचं हाड, खांदे, अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग, मांड्या, पोटऱ्या. नंतर नडगीवर घोट्याच्या वर अंगठा दाबून पाच सेकंद मोजायचे, आणि खळगा किती खोल पडतो, किती वेळ टिकतो ते लिहायचं. शेवटी जीभ, ओठांचे कोपरे, पापण्यांची आतली बाजू, नखं, केस. प्रत्येक जागेसमोर ठरलेलेच शब्द: नाही, थोडी, मध्यम, जास्त. "बरीचशी" किंवा "ठीकठाक" असं कुणी लिहिलं की तिचा पारा चढायचा. चहा पिताना माझ्या नखांकडे बघून तिने मला रक्त तपासायला पाठवलं होतं, तेव्हापासून मी कप दोन्ही हातांत लपवून धरते.

सुतारकाका आले ते बायकोच्या खांद्यावर हात टाकून. आतडं एका ठिकाणी अरुंद झालं होतं. घट्ट काही खाल्लं की कळ यायची, म्हणून दोन महिने माणूस पातळ सुपावर जगत होता. ऑपरेशन करायचंच होतं, पण घाई नव्हती. चिमटाताईंनी त्यांना खुर्चीत बसवून तपासलं. स्नायू जास्त झडलेले, चरबी मध्यम, दोन्ही पायांवर सूज, जीभ लाल आणि गुळगुळीत, ओठांचे कोपरे फाटलेले. सर्जनना तिने स्पष्ट सांगितलं, "आधी अंगात ताकद भरू द्या. आत्ता कापलंत तर आतड्याचा टाका धरणार नाही." सर्जननी मान डोलावली. नळीतून पातळ आहार सुरू झाला, तोही अगदी हळूहळू, आधी जीवनसत्त्वं देऊन, रोज रक्तातले क्षार बघत. उपाशी शरीराला एकदम पोटभर दिलं तर जिवावर बेतू शकतं.

आणि मग चिमटाताई पाच दिवस रजेवर गेली. बहिणीचं बाळंतपण होतं. मागे तिची मदतनीस होती, चार महिन्यांपूर्वी लागलेली, आम्ही तिला 'नवी' म्हणायचो. पोरगी कष्टाळू, प्रत्येक रकाना भरायची.

पाचव्या दिवशी तिने काकांचा फॉर्म भरला. डोळ्यांखालची चरबी: कमी झालेली नाही. पायांवर सूज: नाही. स्नायू: मध्यम. वजन पन्नासचं बावन्न. सर्जन राउंडला आले, दोन्ही फॉर्म शेजारी ठेवले आणि खूश झाले.

"वा! पाच दिवसांत एवढी सुधारणा. गुरुवारी टेबल मोकळं आहे, उरकून टाकू."

काकूंनी हात जोडले. मीही खूश झाले, कारण काकूंच्या "कधी करणार?" या प्रश्नाने माझ्या नाकी नऊ आले होते.

बुधवारी सकाळी चिमटाताई परत आली. बॅग खांद्यावरच, फॉर्म वाचायला लागली. दोनदा वाचला.

"पाच दिवसांत स्नायू भरतात कुणाचे?" ती मला म्हणाली, जणू मीच भरले होते. "काका कुठे आहेत?"

काका खाटेवर आडवे, पाय उशीवर. उशी मीच ठेवली होती, सूज उतरावी म्हणून. तिने नवीला बोलावलं, रागावली मात्र नाही. "तू कसं तपासलंस ते करून दाखव."

नवीने झोपलेल्या काकांच्या घोट्यावर अंगठा टेकवला आणि उचलला. खळगा नव्हता. डोळ्यांखालची जागा भरलेली दिसत होती.

"आता काकांना कुशीवर कर. कमरेच्या खाली, माकडहाडावर दाब. पाच मोज."

नवीने दाबलं, मोजलं, अंगठा काढला. भला मोठा खळगा पडला आणि तो बुजायचं नाव घेईना. पायांवरचं पाणी कुठे गेलं नव्हतं, झोपून झोपून पाठीकडे सरकलं होतं. चेहऱ्यावरची भर म्हणजेही पाणीच, आणि वाढलेले दोन किलोही पाणीच. काकांना बसवून खांदे बघितले, तर हाडांचे कोपरे पहिल्या दिवसासारखेच चौकोनी.

नवीच्या डोळ्यांत पाणी आलं. "ताई, माझ्यामुळे..."

"तुझ्यामुळे नाही. मी बसवून तपासलं होतं, पण तसं लिहिलंच नाही. तुला काय स्वप्न पडणार होतं?" मग माझ्याकडे वळून, "आणि तुझी ती उशी!"

मी निमूटपणे उशी काढून घेतली. माझ्या आयुष्यात हे फार वेळा घडत नाही.

सर्जनना तिने केबिनबाहेरच गाठलं. आधी ते चिडले, टेबल ठरलं होतं, भूलतज्ज्ञांना सांगून झालं होतं. मग स्वतः येऊन त्यांनी अंगठा दाबला. खळगा तसाच राहिला. सूज हृदयाची किंवा किडनीची नाही ना, हे तपासायला सांगितलं, सलाईन कमी केलं आणि गुरुवार रद्द केला.

काकू माझ्यावरच उखडल्या. "रोज नवीन सांगता तुम्ही लोक! बरा झालेला माणूस पुन्हा आजारी कसा झाला?" पुढच्या आठवड्यात काट्यावर बावन्नचे अठ्ठेचाळीस झाले तेव्हा तर त्या रडायलाच लागल्या, आणि शेजारी चिमटाताई टाळ्या वाजवत होती. "काकू, पाणी गेलं हो, पाणी! आता जे दिसतायत ते खरे काका!"

फॉर्मवर नवा रकाना आला: बसून की झोपून, कुठे दाबलं, किती सेकंद. दोघी काकांना वेगवेगळ्या वेळी तपासायच्या, एकमेकींचं न बघता लिहायच्या आणि मग कागद माझ्यासमोर ठेवायच्या. पहिल्या दिवशी चार जागी फरक होता, शेवटच्या दिवशी एकही नाही. दोन आठवड्यांत स्नायू काही डोळ्यांना दिसेल इतके भरले नाहीत आणि तसं दोघींनी प्रामाणिकपणे लिहिलंही. पण सूज गेली, जीभ सुधारली, मूठ आवळायच्या यंत्रावरचा आकडा चढला. मग ऑपरेशन झालं.

दहाव्या दिवशी सर्जननी टाके काढले. जखम कोरडी, स्वच्छ. त्यांनी हातमोजे काढले आणि सगळ्यांसमोर नवीला म्हणाले, "त्या गुरुवारी मी ऑपरेशन केलं असतं. चांगला फॉर्म बघून केलं असतं, आणि आतला टाका सुटला असता."

"आणि मी करू दिलं असतं की," काका म्हणाले. "वजन वाढलं म्हणून मी घरी फोन करून सांगितलंसुद्धा होतं."

आम्ही सगळे हसलो. काकू हसल्या नाहीत. त्यांनी खाटेवरचा काकांचा हात उचलून घट्ट धरला, आणि काका "अगं, दुखतंय" म्हणाले तरी सोडला नाही.