न पुसलेला कान

करंजाड्याच्या भामाबाई कुणापुढे काही ठेवायचं तर आधी ते पुसणार. पाहुण्याच्या हाती पेला देतानाही पदराने पुसत, मग तो आत्ताच घासलेला का असेना. या स्वच्छतेपायी त्यांची मांजर घरातून जायची वेळ आली होती.

मांजरीचं नाव गोदू. भामाबाईंचा नवरा महादेव अंथरुणाला खिळला, तेव्हा माणसं चौकशी करून निघून जात; गोदू मात्र त्याच्या पायाशी पडून असे. तो गेल्यावर ती त्याच्या खुर्चीत झोपू लागली. तिच्यामुळेच ते घर भामाबाईंना खायला उठत नव्हतं.

तीच गोदू आता सारखी डोकं झाडायची, कान खाजवायची. कानाच्या कडेला खपल्या धरल्या, मागे रक्त निघालं.

"आये, ही खरूज हाय," मुलगा केतन म्हणाला. "प्राची रांगते घरात. तिला लागली तं?"

त्याने दाराशी गोणी आणून ठेवली. उद्या मांजर मासळीबाजारात सोडायची. त्याचंही काही चुकत नव्हतं. लेकीचा बाप होता तो.

भामाबाईंनी एक दिवस मागून घेतला. केतननेच कानाचा फोटो काढून खांदा कॉलनीतल्या जनावरांच्या डॉक्टर रंजिताला पाठवला. थोड्या वेळाने तिचा फोन आला.

"खपली दिसते, मागे नखांचे ओरखडेही. पण आत अगदी स्वच्छ आहे. एवढ्यावरून खरूज नाही, असं कसं सांगू?" मग तिने विचारलं, "मावशी, कान पुसलात का?"

"मंग? डॉक्टरला घाण दाखवाची काय? तेलाच्या फडक्यान पुसला. दुसरा कान काय पुसू दिला नाय तिनी."

"बरं झालं. त्याचाच फोटो पाठवा, पुसू नका."

केतनने गोदूला धरलं, भामाबाईंनी कान उलगडला. आत खोलवर कॉफीच्या भुकटीसारखे काळपट, कोरडे कण साचले होते. इतकी घाण परक्या माणसाला दाखवायची, म्हणून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कानात बारीक किडे झालेले दिसतात," नवा फोटो पाहून रंजिता फोनवर म्हणाली. "त्यांच्या खाजेने तिने स्वतःच ओरबाडलंय. घेऊन या, कानातली घाण सूक्ष्मदर्शकाखाली बघते. हे दुसऱ्या मांजरांना लागतं, माणसांना सहसा नाही."

दवाखान्यात तेच निघालं. रंजिताने आधी कानाचा पडदा तपासला, मग कान साफ केला आणि मानेवर औषधाचे थेंब सोडले. महिन्याने ते पुन्हा द्यायला सांगितलं. हळूहळू गोदूचं खाजवणं थांबलं, खपल्या गळाल्या. भामाबाईंनी रंजितासाठी घरचं सोड्याचं, म्हणजे सुक्या कोळंबीचं, कालवण नेलं आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बाय, तुजं उपकार नाय फिटाचं."

घरी परतल्या तेव्हा दाराशी गोणी नव्हती. केतनने ती झटकून, घडी घालून बापाच्या खुर्चीत अंथरली होती आणि गोदू तिच्यावर गाढ झोपली होती. भामाबाईंचे डोळे भरून आले. गोणीवर मांजरीचे केस पसरले होते. त्यांनी ते तसेच राहू दिले.