नजर वळली तर

वार्षिक स्नेहसंमेलनात पाहुण्यांचं भाषण चाललं होतं. "या लेकरांची जिद्द पाहून डोळे भरून येतात," ते म्हणाले, आणि पहिल्या रांगेतल्या मृदुलाने खुणांच्या भाषेत भाषण सांगणाऱ्या दुभाषी देसाईबाईंच्या हातांवरून नजर काढून जमिनीकडे वळवली. नववीतल्या मृदुलाला ऐकू येत नाही. आपण नकोसं बोलणं निमूट ऐकत राहतो. तिने मात्र नुसती मान वळवली आणि ते बोलणं तिच्यापुरतं संपलं.

पुढचं भाषण माझं, मुख्याध्यापिकेचं होतं. आपल्या तोंडूनही असंच काही निसटलं तर? आदल्या दिवशी मी मृदुलाला विचारलं होतं, "तुझं नाव घेऊ का?" तिने खुणेने सांगितलं होतं, "घ्या, पण नाटकाच्या प्रकाशयोजनेसाठी. कानांचं काही नको."

मी उभी राहिले. देसाईबाईंना गाठता यावं म्हणून थांबत थांबत बोलले. "नाटकाची प्रकाशयोजना मृदुलाची आहे. चाकाच्या खुर्चीसाठी रंगमंचाला यंदा उतार केला. प्रयोगशाळेत मात्र ती खुर्ची अजून वळत नाही. ते काम आमच्याकडे बाकी आहे."

मृदुलाची नजर देसाईबाईंच्या हातांवर होती. मला पुढचं वाक्य उच्चारायची भीती वाटत होती, आणि त्या भीतीनेच मी शब्द पारखून घेत होते. एवढ्यात तिने भराभर काही खुणा केल्या.

देसाईबाई हळूच म्हणाल्या, "मॅडम, ती म्हणतेय, भाषण आवरा. नाटकाला उशीर होतोय."