धोंडुबाईचा सात पॉइंट दोन

कसबा बावड्यात धोंडुबाईच्या दुधाला कुणी कधी नाव ठेवलं नाही. नवरा गेला तेव्हा गोठ्यात एक म्हैस होती, आता चार आहेत. पहाटे पाचला उठायचं, वैरण टाकायची, सरकी पेंड भिजवायची, कासेला कोमट पाणी मारून धार काढायला बसायचं. धार निम्मी काढून उठलेली ती कुणी बघितली नाही. शेवटच्या चार धारांत खरा कस असतो, त्याच रेडकाला पाजल्या तर दूध संस्थेत काय नेणार, असं ती म्हणते. रेडकासाठी एक सड वेगळं राखलेलं.

तोंडानं मात्र ती फटकळ. पाणी घातलेलं दूध ओळखायला तिला यंत्र लागत नाही, आणि घालणाऱ्याचं नाव चारचौघांत घ्यायला लाज वाटत नाही. म्हणून माणसं तिला जरा वचकूनच असतात.

तिला घोर एकच होता. मुलगा आदर्श बत्तीस वर्षांचा झालेला. पोरगा निर्व्यसनी, शिकलेला, कामाला वाघ. पण गेल्या चार वर्षांत सात ठिकाणांहून नकार आला. "म्हशी हायत म्हनं," एवढ्यावरच पोरींची घरं फोन ठेवायची. शेजारी सात-सात मजली इमारती उठल्यात, आणि पोरींच्या बापांना त्यातला एक तुकडा पाहिजे असतो. आठवा नकार आला तर आदर्शनं "आई, आता बास," असं म्हणून विषयच मिटवायचं ठरवलं होतं. हे त्यानं बोलूनही दाखवलं होतं.

आठवं स्थळ अमीननं आणलं. अमीनचं पेंडीचं दुकान शहरात, आणि दुकानाच्या वरच्या मजल्यावर गणपतराव राहायचे. मूळचे गारगोटीकडचे, नोकरीतून निवृत्त. त्यांची संयोगिता एका रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. अमीननं दुकानातूनच वर तोंड करून सांगितलं, "काका, पोरगं लाखात एक हाय. आन् त्या धोंडुबाईच्या फ्याटला अख्ख्या बावड्यात तोड न्हाय."

आता आमच्याकडं दुधातल्या स्निग्धांशाला कुणी स्निग्धांश म्हणत नाही. फॅट म्हणायचं, तेही 'फ्याट', आणि तो फ्याट. दुधाचा दर त्यावरच ठरतो, म्हणून किती लागला, चढला का उतरला, दिवसातनं दोनदा त्याचीच चौकशी. गणपतरावांनी पंचवीस वर्षांत म्हशीचं शेपूट बघितलं नव्हतं. खाली पेंडीची पोती आपटत होती, वर पंखा खडखडत होता. त्यांना ऐकू आलं ते फ्लॅट.

त्यांनी लगेच फोन लावला. धोंडुबाई गोठ्यात होती, शेजारी कडबा कुट्टीचं यंत्र घरघरत होतं.

"ताई, पोरगं आमास्नी पसंत हाय," गणपतराव म्हणाले. "तेवढं फ्ल्याटचं जरा सांगा की."

त्यांचा ल यंत्रानं गिळला.

"फ्याटचं व्हय?" धोंडुबाईचा ऊर भरून आला. आजवर एकाही पावण्यानं हे विचारलं नव्हतं. "चांगला हाय की. सात पॉइंट दोन."

गणपतरावांनी मनात हिशेब केला. सातशे वीस चौरस फूट असणार. "बरा हाय. स्वतःचाच न्हवं?"

"मग काय शेजाऱ्याचा सांगतीया?"

"तसं न्हाय वो. किती वर हाय?"

"एरवी सातवर. थंडीत आठवर बी जातोय. पावसाळ्यात ओली वैरण आली की सहावर उतरतोय."

वैरणीचं गणपतरावांना नीट ऐकू आलं नाही, पण सहा, सात, आठ ऐकू आलं. "म्हंजे एकच न्हाय म्हना."

"एकच कसा असंल? सकाळचा येगळा, सांजचा येगळा."

गणपतरावांनी फोनवर हात ठेवून बायकोला, विठाबाईंना, दोन बोटं दाखवली. मग आवाज खाली आणून विचारलं, "पाण्याचं कसं काय?"

धोंडुबाई तडकली. "पावणं, पाण्याचं नाव काढायचं न्हाय. एक थेंब न्हाय. कवाबी येऊन तपासा."

"थेंब बी न्हाय? मग कसं चालतंय तुमचं?"

"इमानदारीनं चालतंय."

गणपतराव गडबडले. "टँकर तरी येतोय का?"

"सकाळ-संध्याकाळ येतोय की. एक दिस चुकत न्हाय."

पाण्याची चिंता मिटली. बघायला कधी येऊ विचारलं, तर धोंडुबाई म्हणाली, रविवारी सकाळी नवाच्या आत या, नंतर बंद असतंय. बिल्डरचं ऑफिस असणार, असं गणपतरावांनी धरलं. विठाबाईंनी त्या दिवशी गारगोटीच्या बहिणीला कळवलं, की संयोगितेला दोन फ्लॅटवालं स्थळ आलंय. गारगोटीहून ते पुढं गेलं तेव्हा तीन झाले होते.

रविवारी पाव्हणी आठालाच दारात. गणपतराव, विठाबाई आणि संयोगिता. विठाबाईंच्या पर्समध्ये शिंप्याची टेप होती, पडद्याची मापं घ्यायला. धोंडुबाईनं सहाला धार काढून दुधाची किटली झाकून कट्ट्यावर ठेवलेली. मोठ्या मापाची, काठोकाठ भरलेली. एरवी ती तडक संस्थेत न्यायची. पण आज पाव्हण्यांच्या डोळ्यांदेखत मोजायचं तिच्या मनात होतं, म्हणून दूध तसंच थांबलं.

"आधी फ्याट बघायचा का पोहं खायचं?" तिनं विचारलं.

"पोहं खाऊन जाऊया," गणपतराव म्हणाले. "चावी हाय न्हवं तुमच्याकडं?"

"चावी ज्ञानूकडं असतीया. शेकरेटरी हाय त्यो संस्थेचा."

सोसायटीला सेक्रेटरीपण आहे, हे ऐकून विठाबाईंनी पोह्यात आणखी लिंबू पिळलं. आदर्श कोपऱ्यात बसून पोह्याच्या बशीकडं बघत होता. संयोगिता त्याच्याकडं बघत होती. पोह्यानंतर चहा, चहानंतर घरच्या खव्याचे पेढे, असं करता करता पावणेनऊ झाले. मग धोंडुबाईनं किटली उचलली. आदर्श पुढं झाला तर म्हणाली, "सर बाजूला. हलवू नगंस."

रस्त्यात सात मजली नवी इमारत लागली. गणपतरावांनी मान वर करून मजले मोजले. विठाबाईंनी गॅलऱ्या न्याहाळल्या.

"ह्योच न्हवं?"

"अजून फुडं," असं म्हणून धोंडुबाई इमारतीकडं ढुंकूनही न बघता निघून गेली.

पुढं पत्र्याचं शेड होतं. दारावर दूध संस्थेची पाटी, आत वजनकाटा, फॅटचं मशीन आणि रिकाम्या कॅनांची रांग. गणपतराव दारातच थबकले. विठाबाईंनी नाकाला पदर लावला.

ज्ञानू घाईत होता. टँकर यायची वेळ झालेली. एरवी तो आणलेलं दूध काट्यावरच्या भांड्यात ओततो, मग दांड्यानं ढवळतो आणि मगच नमुना घेतो. त्या दिवशी त्यानं किटलीचं झाकण काढलं आणि वरच्या वरच पळी बुडवली. नमुन्याची बाटली मशीनच्या नळीखाली धरली. मशीन घुर्र झालं, मिनिटभरात आकडे आले.

"दहा पॉइंट चार," ज्ञानू ओरडला. "धोंडुबाई, आज कमाल केलीसा."

रांगेतली दोन माणसं वळून बघायला लागली. आजवर संस्थेत एवढा कुणाचा लागला नव्हता. आदर्शचा चेहरा उजळला. धोंडुबाईचा मात्र पडला.

"ज्ञानू, ह्यो आमचा न्हवं."

"अवो, मशीन सांगतंय."

"मशीनला काय कळतंय? माझ्या म्हशी मला ठावं हायत. चार म्हशींच्या एकत्र दुधाला दहा लागत न्हाय. आज दहा लिहिशील, आन् उद्या सात लागला की हीच माणसं म्हनतील, धोंडुबाईनं पाणी घातलं. पुन्यांदा घे."

"पावण्यांच्या म्होरं चांगला लागलाय तर..."

"पावण्यांच्या म्होरं हाय म्हनूनच घे."

ज्ञानू चडफडला. तेवढ्यात संयोगिता पुढं आली. तिनं किटलीत डोकावलं. कडेला पिवळसर सायीचा पट्टा धरला होता.

"दूध किती वेळ असंच ठेवलं होतं, काकी?"

"सहाची धार. पावणेतीन तास झालं."

"मग फॅट वर तरंगलाय. ह्यांनी वरचंच घेतलंय. आमच्यात रक्ताची नळी न हलवता लावली तर रिपोर्ट असाच चुकतो." ती ज्ञानूकडं वळली. "सगळं ओता, ढवळा आणि मग घ्या."

धोंडुबाईनं तिच्याकडं नीट बघून घेतलं. म्हैस विकत घेताना बघते तसं. ज्ञानूनं दूध ओतलं, दांडा खालपर्यंत घालून दहा-बारा वेळा वरखाली केला, भांड्याच्या मधनं नमुना घेतला. मशीन पुन्हा घुर्र झालं.

"सात पॉइंट दोन."

"हां," धोंडुबाई म्हणाली. "ह्यो आमचा."

गणपतराव मशीनजवळ गेले. चष्मा लावून स्क्रीनवरचा आकडा वाचला, त्याच्यावरची तीन इंग्रजी अक्षरं वाचली. पुन्हा वाचली.

"ताई, सात पॉइंट दोन म्हंजे ह्यो?"

"मग दुसरा कुठला?"

"आन् थंडीत आठवर जानारा?"

"ह्योच की."

"आन् पाण्याचा थेंब न्हाय त्यो..."

"दुधात, पावणं. दुधात."

बाहेर भोंगा वाजला. दूध न्यायला टँकर आला होता. गणपतराव रिकाम्या कॅनवर बसले.

मग सगळं बाहेर आलं. विठाबाईंनी गारगोटीच्या बहिणीचं नाव घेऊन कपाळाला हात लावला. ज्ञानू हसू दाबायला कॅनांच्या मागं गेला. धोंडुबाई हसली नाही. तिच्या आता ध्यानात आलं होतं, की ह्या माणसांनी तिच्या फ्याटची चौकशी केलीच नव्हती. हीही माणसं बाकीच्या सातांसारखीच.

"फ्ल्याट आमच्याकडं न्हाय," ती म्हणाली. "चार खोल्या हायत, गोठा हाय. खोटं मी बोलले न्हाय. तुमचा वेळ गेला त्येवढा माफ करा." आणि रिकामी किटली घेऊन चालायला लागली.

गणपतराव उठले नाहीत. त्यांना तो दहा पॉइंट चार सुटत नव्हता. "बाईला मिळत हुता दहा," ते स्वतःशीच म्हणाले. "आमच्या ऑफिसात कुणी परत दिला नसता."

"ऑफिसचं कशाला," विठाबाई पुटपुटल्या, "मी बी दिला नसता."

संयोगितेनं आईच्या पर्समधली टेप काढून घेतली आणि आदर्शजवळ गेली.

"तुमच्या खोलीला खिडकी आहे का?"

आदर्श सकाळपासून पहिल्यांदा बोलला. "हाय. पन गोठ्याच्या बाजूला उघडतीया."

"मग जाड कापड लागेल," असं म्हणून ती धोंडुबाईच्या मागनं चालायला लागली.

लग्न वैशाखात झालं. गारगोटीची मावशी तिन्ही फ्लॅट शोधत आली होती, तिला गोठा दाखवला. सून अजून लॅबमध्ये जाते, पण सकाळी किटलीबरोबर ढवळायचा दांडा तीच पाठवते. ज्ञानूवर तिचा भरवसा नाही.

आणि धोंडुबाईला स्थळाचा फोन आला, की आता पहिलं वाक्य ठरलेलं असतं. आदर्शच्या चुलतभावासाठी परवा कुठूनसा फोन आला, तेव्हा मी शेजारीच बसलो होतो. ती म्हणाली, "फ्याट विचारत असशीला तर आज सात पॉइंट चार. दुसरं कायतरी विचारत असशीला तर आधी ल नीट म्हना."