एक हजार एकशे दहा रुपयांची वसुली

बियाण्यांच्या कंपनीत लागून मला तीनच महिने झाले होते आणि माझ्या पहिल्याच दौऱ्याच्या हिशेबावर कॅशियरसाहेबांनी लाल शाईनं लिहिलं होतं : वसुली, रुपये एक हजार एकशे दहा. म्हणजे घेतलेल्या अ‍ॅडव्हान्सपैकी तेवढे मी खर्च केले नव्हते आणि ते परत भरायचे होते.

लातूरच्या मार्केट यार्डाजवळ आमचं ऑफिस. पेरणीआधी शेतकऱ्यांच्या बैठका घ्यायला मी पाच दिवस नांदेडला जाऊन आले होते. आल्यावर एकेक पावती कोऱ्या कागदावर चिकटवली, क्रमांक घातले. रिक्षावाले पावती देत नाहीत, तर त्या खर्चाचं वेगळं व्हाउचर सही करून जोडलं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, म्हणून भाडंही अर्धंच लावलं. शेजारच्या टेबलावरचे एकजण म्हणाले होते, पूर्ण लावा, कोण बघतंय. त्यांना मी चांगलंच सुनावलं. आणि एवढं सोवळं पाळून शेवटी चोर मीच! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बरं, गप्प बसून चालणार नव्हतं. जुना अ‍ॅडव्हान्स मिटल्याशिवाय नवा मिळत नाही, असा आमच्याकडे नियम. सोमवारी मला निलंग्याला निघायचं होतं. तो दौरा दुसऱ्याकडे गेला असता तर सहा महिन्यांनी कायम होण्याचं माझं स्वप्न यार्डातल्या पाचोळ्यासारखं उडालं असतं.

आमच्यातले सगळ्यात जुने फिल्डमन, रेणापूरकडचे, निवृत्तीला आलेले. त्यांनी मला बाजूला घेतलं. "भरून टाका ताई," ते म्हणाले. "मी बी दरवेळी भरतो. पगारातून कापून घेतेत. हजार-दोन हजारासाठी लई डोकं लावू नका."

त्यांचं वय बघून मी उलटून बोलले नाही. पण भरणार तर मुळीच नव्हते. जेवणाच्या सुट्टीत अकाउंट्समधून माझ्या खात्याचा उतारा मागून घेतला आणि डबा बाजूला सारून तो वाचत बसले.

माझ्या नावावर दहा हजार अ‍ॅडव्हान्स पडला होता. माझ्या बँकेत आले होते आठच. उरलेले दोन हजार ऑफिसनं खोली धरण्यासाठी थेट नांदेडच्या लॉजला पाठवले होते आणि माझ्या नावावर टाकले होते. तेही एक वेळ ठीक. मग मी लॉजचं बिल पुन्हा काढलं. चार रात्रींचे चौतीसशे, त्यातून आधी आलेले दोन हजार वजा, माझ्याकडून घेतले चौदाशे. कॅशियरसाहेबांनी खर्चात काय धरलं होतं? चौदाशे. तिथंच मला हसू फुटलं. पोळी तशीच राहिली.

काचेच्या केबिनमध्ये कॅशियरसाहेब आणि मॅनेजर चहा घेत होते. वीस वर्षं त्या खुर्चीवर बसलेल्या कॅशियरसाहेबांसमोर मी उतारा आणि लॉजचं बिल ठेवलं आणि चूक दाखवली. साहेब म्हणाले, तुम्ही खिशातून जेवढे दिले तेवढेच धरणार, ही आमची पद्धत आहे.

"मग अ‍ॅडव्हान्सही माझ्या हातात आला तेवढाच धरा," मी म्हणाले. "आठ हजार. नाहीतर दहा हजार धरा आणि लॉजचं बिल अख्खं चौतीसशेचं घ्या. दोन्हीकडून मलाच कापू नका."

मॅनेजरनी कप खाली ठेवून कॅल्क्युलेटर ओढला. आठ हजारांसमोर खर्च आठ हजार आठशे नव्वद. दहा हजारांसमोर दहा हजार आठशे नव्वद. कसंही मोजा, कंपनीच मला आठशे नव्वद देणं लागत होती. त्यांनी दोनदा मोजलं. मग कागद कॅशियरसाहेबांकडे सरकवला. साहेबांनी 'वसुली' खोडून शेजारी 'देणे' लिहिलं, सही केली आणि ड्रॉवरमधून आठशे नव्वद रुपये काढून मोजून दिले. निलंग्याचा अ‍ॅडव्हान्सही त्याच दुपारी मंजूर झाला. मी केबिनमधून बाहेर आले ती अशी ताठ मानेनं, की सांगून सोय नाही.

जुने फिल्डमन दाराशीच उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनाही लॉज ऑफिसच धरून देत असे, नांदेडचा असो की देगलूरचा. मी त्यांना हाताला धरून परत आत नेलं. मॅनेजरनी जुन्या फायली मागवल्या आणि चार दौऱ्यांत तीच चूक निघाली. कापलेले पैसे पुढच्या पगारात परत द्यायचं ठरलं.

बाहेर आल्यावर ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"मला वाटायचं," ते म्हणाले, "माझाच हिशेब कच्चा हाय. घरी बी तसंच सांगत आलो."