देगलूरच्या आईसाठी सहा स्लाइड

लातूरच्या एका कोचिंग क्लासनं मला मार्केटिंगच्या जागेसाठी मुलाखतीला बोलावलं. दहा मिनिटांत मांडायची केस त्यांनी आधीच पाठवली होती: नांदेडच्या शाखेत देगलूर, बिलोलीकडून चौकशा भरपूर येतात, प्रवेश मात्र होत नाहीत. काय कराल?

मी आबांना समोर बसवून आराखडा केला. आबा माझे वडील, निवृत्त मास्तर. सहा स्लाइड ठरल्या. पहिलीवर थेट उत्तर: जाहिरात वाढवू नका, पालकांना भेटायला तिकडं जा. मग चौकशीनंतर माणसं नेमकी कुठं गळतात. त्यामागचं कारण, म्हणजे मुलीला परगावी ठेवायची धास्ती. मग देगलूरला पालकसभा, जिथं जुन्या विद्यार्थिनींच्या आया बोलतील. पाचवीवर खर्च आणि वेळापत्रक. शेवटी मोजमाप: चौकशी करणाऱ्यांतले किती जण प्रवेशापर्यंत आले.

"एका स्लाइडवर एकच गोष्ट ठेव," आबा म्हणाले. "लई लिहिलं की पोरं फळाच वाचत बसतात, मास्तरकडं ध्यान न्हाई."

मुलाखतीत मांडणी वेळेत संपली. संचालकांनी खर्चाचं नीट विचारलं, मग माझा अर्ज पुढं ओढला.

"तुमचं गाव भूकंपातलं?"

"हो. आई आणि मोठा भाऊ गेले. मी आजोळी होते."

"मग पहिली स्लाइड हीच करा ना. ढिगाऱ्याचा फोटो. त्यातून शिकून वर आलेली मुलगी. पालक जागचा हलणार नाही."

ते वाईट हेतूनं बोलत नव्हते, म्हणून जास्त लागलं. मी म्हटलं, "सर, देगलूरच्या आईला मुलगी कुठं राहील, आजारी पडली तर कोण बघेल, हे विचारायचंय. ढिगारा बघून तिची भीती वाढेल."

"आधी तिचं लक्ष तर वेधलं पाहिजे."

"तो फोटो मी नाही लावणार."

त्यांनी आभार मानले. जागा दुसऱ्या कुणाला मिळाली.

पुढच्या उन्हाळ्यात आबा आणि मी लग्नाला नांदेडला गेलो होतो. बसस्टँडसमोर त्या क्लासचं मोठं होर्डिंग होतं. पडलेली दगडी घरं, एक मोडलेली चौकट, त्यावर जिद्दीबद्दल दोन ओळी.

"हे तुझं काम हाय का?" आबांनी विचारलं.

"नाही आबा. याच्याच पायी ती नोकरी हुकली."

त्यांना मी तोवर एवढंच सांगितलं होतं, की निवड झाली नाही. आबांनी चष्मा पुसून घातला, रस्ता ओलांडून ते होर्डिंगच्या अगदी खाली जाऊन उभे राहिले. मी मागोमाग गेले. ते फोटोतलं एकेक घर बघत होते.

"ही आपली गल्ली असंल का गं?"

आमची बस लागली तरी ते वर बघतच होते. शेवटी मी त्यांचा हात धरला.