दोन सिद्धांत आणि हजार शब्द

रुग्णालयात सगळे तिला सिस्टर म्हणायचे, आणि कॉलेजातही तेच नाव चिकटलं. वर्गातली पोरं तिच्या लेकीच्या वयाची. ती बाकावर टेकली की मागून कुणीतरी कुजबुजायचं, "सिस्टर, माझं प्रेशर बघा ना, आज मॅडम प्रश्न विचारणार!" ती हसून मान हलवायची. स्वतःच्या छातीतली धडधड मात्र कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून वही छातीशी घट्ट धरायची.

अर्धं आयुष्य वॉर्डात काढल्यावर तिने वैद्यकीय नीतिशास्त्राच्या अभ्यासक्रमात नाव घातलं होतं. डॉक्टर एक सांगतात, नातेवाईक दुसरंच विनवतात, खाटेवरचा माणूस डोळ्यांत बघत तिसरंच विचारतो, आणि मधे उभी ती. आपण वागलो ते बरोबर होतं का, हे विचारायला कुणी नसायचं. म्हणून शिकायला आली. आणि पहिल्याच निबंधात आपटली.

विषय असा: उपयुक्ततावाद आणि कर्तव्यवाद यांची तुलना करा, साम्य आणि भेद दाखवा. मर्यादा एक हजार शब्द. त्यापुढचं परीक्षक वाचणारच नव्हते. तिने भरभरून लिहिलं, आणि तिथेच घात झाला. उपयुक्ततावाद सविस्तर झाला, कर्तव्यवाद सविस्तर झाला, तुलना सुरू झाली तेव्हा हजार शब्द कधीच उलटून गेले होते. उत्तरावर शेरा आला, "तुलना कुठे आहे?" तुलना होती. मर्यादेपलीकडे.

आता पुन्हा लिहायची एकच संधी होती. यातही नापास झाली तर अभ्यासक्रमातून नाव कमी. आणि या खेपेला लिहिण्याआधी आराखडा मॅडमना दाखवून सही घ्यायची होती. सहीशिवाय निबंध स्वीकारत नव्हते.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने आराखडा मांडला. चहा गार झाला. लेक डबा भरता भरता डोकावली.

"आई, पुन्हा तेच केलंस!"

"काय तेच?"

"आधी एकाचं सगळं, मग दुसऱ्याचं सगळं. शेवटी तुलना, तीही चार ओळींची."

"अगं, पण एकेक नीट समजावून सांगितल्याशिवाय तुलना कशी करणार?"

"मला विचारू नकोस बाई. मी विज्ञान शाखेची." लेकीने डब्याचं झाकण दाबलं, मग आईच्या चेहऱ्याकडे बघून आवाज खाली आणला. "एवढी का घाबरतेस? तू तर माणसांना मरताना बघतेस."

"तिथे मला काय करायचं ते कळतं," ती म्हणाली.

खरं तेवढंच होतं. वॉर्डात रक्ताचं थारोळं दिसलं तरी तिचे हात स्थिर असत. पण मॅडमच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली तेव्हा हात कागदाची घडी पुन्हा पुन्हा उघडत आणि मिटत होते. आतून आधीच्या मुलाचा आवाज येत होता, मग मॅडमचा. मुलगा बाहेर आला तो खाली मान घालून. उठून सरळ घरी जावं, असं तिला वाटलं. मॅडमनी हाक मारली नसती तर ती गेलीही असती.

मॅडम तिच्याहून लहान होत्या, पण चष्म्यावरून बघितलं की वयाचा हिशेब उलटा व्हायचा. त्यांनी कागद वाचला.

"सिस्टर, तुम्ही पाळी बदलताना पुढच्या नर्सला माहिती कशी देता?"

"खाटेखाटेने. पहिल्या खाटेचं सगळं, मग दुसऱ्या खाटेचं."

"हा आराखडाही तसाच आहे. पहिली खाट उपयुक्ततावाद, दुसरी खाट कर्तव्यवाद."

तिचा चेहरा पडला. म्हणजे संपलं. सही नाही, निबंध नाही, नाव कमी.

"थांबा, अजून मी नाही म्हटलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "मला सांगा, अतिदक्षता विभागात एकच खाट रिकामी आहे आणि रुग्ण दोन आहेत. तेव्हाही आधी एकाची पूर्ण कहाणी सांगता, मग दुसऱ्याची?"

"नाही हो! तेवढा वेळ कुठे असतो?" शब्द आपोआप आले. "श्वास कुणाचा कसा, ते दोघांचं एकदम बघायचं. मग रक्तदाब दोघांचा. मग शुद्ध दोघांची. एकाच मापाने दोघांना मोजल्याशिवाय—"

ती थांबली. कागदाकडे बघत राहिली.

"मुद्द्यामुद्द्याने," ती हळूच म्हणाली. "प्रत्येक परिच्छेदात दोघंही."

"मग मुद्दे कुठले?"

कृती कशामुळे योग्य ठरते, हा पहिला मुद्दा. एकाच्या मते परिणामामुळे, म्हणजे ज्यांच्यावर परिणाम होईल त्या सगळ्यांचं मिळून भलं किती झालं त्यावरून. दुसऱ्याच्या मते कर्तव्यामुळे, म्हणजे आपण ज्या नियमाने वागतो तो सगळ्यांचा नियम व्हावा असं आपण म्हणू शकतो का त्यावरून. दुसरा मुद्दा, पुष्कळांच्या भल्यासाठी एका माणसाचा नुसता साधन म्हणून वापर करता येतो का. ती भराभर सांगत होती आणि भीतीने मधेच अडखळत होती.

"हे सगळे भेद झाले. साम्य?"

हेच नेमकं मागच्या वेळीही राहिलं होतं. तिने वॉर्डातलं एखादं उदाहरण आठवायचा प्रयत्न केला. एखाद्या बड्या माणसाचा भाऊ दाखल होतो, त्याला आधी तपासा म्हणून फोन येतो...

"दोघंही वशिला चालवून घेत नाहीत," ती म्हणाली. "एकात प्रत्येकाचं सुखदुःख सारखंच मोजायचं, दुसऱ्यात नियम सगळ्यांना सारखा. 'माझा माणूस' एवढंच कारण दोघांनाही पुरत नाही."

मॅडमनी मान डोलावली. "हा तिसरा मुद्दा. आता शब्द वाटून घ्या."

प्रस्तावनेला शंभर. तीन मुद्द्यांना प्रत्येकी दोनशे वीस. आपलं मत मांडायला एकशे साठ, समारोपाला ऐंशी. बेरीज बरोबर हजार. तत्त्वज्ञांच्या जन्माची, शिक्षणाची माहिती तिला फार आवडली होती. त्या माहितीला कुठेच जागा उरली नाही. उदाहरणंही चार होती, त्यांतलं एकच राहिलं: आजार गंभीर आहे हे वडिलांना सांगू नका, असं मुलगा विनवतो, आणि वडील विचारतात, "सिस्टर, माझं बरं आहे ना?"

"कर्तव्यवाद म्हणेल, खोटं बोलू नका," ती म्हणाली. "पण सगळं लगेच सांगाच, असं म्हणेल का?"

"नाही. खोटं बोलणं आणि न बोलणं यांत फरक आहे. तो निबंधात येऊ द्या. आणि उपयुक्ततावाद खोट्याला सहज परवानगी देतो, असंही लिहू नका. आजची टळलेली काळजी हिशेबात धरा, तसा उद्याचा तुटलेला विश्वासही धरा."

मॅडमनी सही केली. सिस्टरला वाटलं होतं, सही मिळाली की जीव भांड्यात पडेल. उलट जिन्यावरून उतरताना भीती आणखीच वाढली. आता आराखडा चुकला होता असं म्हणायला वाव नव्हता. चुकलं तर तीच चुकणार.

सुट्टीच्या दिवशी सकाळी लिहायला बसली. पहिला मुद्दा तीनशेवर गेला. लेकीने संगणकावर आकडा दाखवला आणि सिस्टरने डोळे मिटले.

"काप," लेक म्हणाली.

"चांगलं वाक्य आहे गं ते."

"चांगलं आहे, पण दुसऱ्या मुद्द्याचं जेवण खातंय."

तिने वाक्य कापलं. मग आणखी एक. प्रत्येक वेळी वाटायचं, हेच नेमकं परीक्षकांना हवं असेल तर? मत मांडायच्या परिच्छेदाशी ती सगळ्यात जास्त अडली. शेवटी लिहिलं की त्या वडिलांच्या बाबतीत दोन्ही सिद्धांत बहुतेक वेळा एकाच दाराशी येतात, पण वेगवेगळ्या वाटांनी. खोटं कधीच उघड होणार नसेल, तेव्हा मात्र वाटा फुटतात, आणि तिथे ती कर्तव्यवादाच्या बाजूने उभी राहते, कारण तो माणूस आजारी असला तरी आपल्या उरलेल्या दिवसांचा मालक आहे. हे वाक्य लिहिताना तिला मॅडमची, परीक्षकांची आठवणही झाली नाही.

निबंध पाठवायचं बटण लेकीनेच दाबलं. सिस्टरचं बोट पुढे होईना.

निकाल लागला तेव्हा ती ड्युटीवर होती. फोन खिशात थरथरला, तिने काढला नाही. खाटेवरच्या आजीची सलाइनची बाटली बदलली, थेंबांचा वेग लावला, नोंद केली. फोन पुन्हा थरथरला. औषधांच्या खोलीत जाऊन तिने दार लोटून घेतलं आणि भिंतीला टेकून लेकीचा आवाज ऐकला.

"आई, पास! काठावर, पण पास. शेरा वाचू?"

"वाच."

"'साम्याचा परिच्छेद उत्तम. प्रस्तावना अजून आटोपशीर हवी होती.'"

सिस्टर जमिनीवरच बसली. तिने नाक ओढलं.

"आई? अगं, रडतेस काय?"

"नाही गं," ती म्हणाली, आणि खोटं बोलल्याचं लक्षात येऊन लगेच म्हणाली, "हो. रडतेय."